एकदा तपासून भागत नाही

चारधाम करून आलेल्या माणसाला तीन आठवडे पातळ जुलाब होत आहेत. ताप नाही, रक्त नाही. पण पोट फुगतं, सडक्या अंड्यासारखे ढेकर येतात, शौच तेलकट आणि फार दुर्गंधीचं होतं, वजन उतरतं. अशा वेळी जिआर्डियाचा संशय आधी घ्यावा. हा परजीवी पाण्यातून येतो आणि लहान आतड्याला चिकटून बसतो. प्रवासात लागणारे जिवाणूंचे जुलाब बहुधा आठवडाभरात थांबतात. हे थांबत नाहीत.

शौचाची साधी तपासणी ‘नॉर्मल’ आली की लोक निश्चिंत होतात, आणि इथेच फसगत होते. जिआर्डियाच्या पुटी रोज बाहेर पडत नाहीत. म्हणून वेगवेगळ्या दिवशीचे तीन नमुने द्यावेत, किंवा जिआर्डिया अँटिजेन अथवा पीसीआर चाचणी करावी. कल्चरमध्ये जिवाणू उगवतात, जिआर्डिया दिसत नाही.

अमिबाची गोष्ट उलटी. रिपोर्टवर ‘ई. हिस्टोलिटिका सिस्ट’ लिहिलेलं असतं, पण तिच्यासारखाच दिसणारा निरुपद्रवी ‘ई. डिस्पार’ सूक्ष्मदर्शकाखाली वेगळा ओळखता येत नाही. तांबड्या पेशी गिळलेला अमिबा दिसला, तर गोष्ट वेगळी. एरवी खात्री अँटिजेन किंवा पीसीआरनेच होते. शौचात रक्त-आव असेल, किंवा ताप येऊन उजव्या बरगडीखाली दुखत असेल, तर मात्र थांबू नये. यकृतात गळू झालेलं असू शकतं, आणि तेव्हा शौचाची तपासणी बरेचदा निर्दोष येते. तिथे सोनोग्राफी आणि रक्ततपासणी लागते.