नळी टिकते, चर दगा देतो

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली आणि पुढच्या काही वर्षांत महाराष्ट्रातल्या असंख्य गावांच्या गल्ल्या खणल्या गेल्या. ग्रामपंचायतीच्या आवारात काळ्या नळ्यांची भेंडोळी येऊन पडली. नळीवर उभ्या निळ्या रेघा आणि पांढऱ्या अक्षरांत आयएस ४९८४ हा भारतीय मानकाचा क्रमांक. ही एचडीपीईची नळी, म्हणजे जास्त घनतेच्या पॉलिइथिलीनची. तिला गंज लागत नाही, ती वाकते पण तडकत नाही, आणि नीट पुरली तर पन्नास वर्षे चालावी असा तिचा हिशेब धरलेला असतो. तरीही दोन-तीन पावसाळ्यांत रस्त्यावर ओल दिसते, नळाला गढूळ पाणी येते आणि गावाचा निष्कर्ष ठरलेला असतो: माल हलका होता.

कधी तो असतोही. पण उकरून पाहिले तर बहुतेकदा दोषी निघतो तो नळीखालचा दगड किंवा घाईत केलेला जोड. या दोन्ही गोष्टी चर उघडा असेपर्यंतच डोळ्यांना दिसतात.

उदाहरणासाठी एक साधे काम घेऊ. पाण्याच्या टाकीपासून वस्तीपर्यंत ३०० मीटर लांबीची, ११० मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची नळी टाकायची आहे. नळीवर ‘एसडीआर १७’ असे छापले आहे. याचा अर्थ इतकाच, की नळीच्या भिंतीची जाडी व्यासाच्या सतराव्या हिश्शाइतकी, म्हणजे सुमारे साडेसहा मिलिमीटर आहे. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे जोडाच्या वेळी तोच उपयोगी पडतो.

आता चर किती खोल? थंड देशांत नळी खोल पुरतात ती पाणी गोठू नये म्हणून. आपल्याकडे ती भीती नाही, पण उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर आहे, खोल नांगरट आहे आणि उद्या त्याच गल्लीत दुसऱ्या कशासाठी तरी येणारा जेसीबी आहे. चाकाचा भार जमिनीत जसजसा खाली जातो तसतसा पसरत जातो. नळीच्या डोक्यावर एक मीटर दाबलेली माती असेल, तर तो नळीपर्यंत पोचेतो बराच हलका झालेला असतो. म्हणून नळीच्या वर एक मीटर माती हा सर्वसाधारण दंडक. त्यात नळीचे ११ सेंटीमीटर आणि तळाच्या वाळूचे १० सेंटीमीटर मिळवले की चर सव्वा मीटरच्या जवळ जातो. रुंदी नळीपेक्षा सुमारे ३० सेंटीमीटर जास्त, म्हणजे इथे ४० सेंटीमीटर. त्याहून अरुंद चरात माणसाला नळीच्या कुशीत माती ठोकता येत नाही.

दख्खनच्या पठारावर हा सव्वा मीटर सरळ मिळत नाही. वर हातभर काळी माती, खाली मुरूम आणि मग काळा पाषाण. ब्रेकर लावून खडक फोडायचा खर्च मोठा असतो, त्यामुळे चर हळूच उथळ होत जातो. रस्ता ओलांडताना तर हे परवडतच नाही. तिथे खोली साधत नसेल तर नळी सिमेंटच्या ह्यूम पाइपातून न्यावी, म्हणजे भार ह्यूम पाइप झेलतो.

खडकाळ चराचा तळ कधीच सपाट नसतो. त्यात नळी तशीच ठेवली तर ती दोन-चार टोकांवर टेकते आणि वरून माती पडली की ती टोके तिला आत दाबू लागतात. त्या दिवशी काहीही होत नाही. दाबाची चाचणीसुद्धा नळी आरामात पार करते. पण पॉलिइथिलीनचा स्वभाव असा, की एकाच जागी कायम ताण राहिला तर त्यात अतिशय सावकाश चीर वाढते. गंमत म्हणजे दगड बाहेरून दाबतो आणि चीर सुरू होते आतल्या बाजूने, कारण दाबलेल्या जागी भिंतीचा आतला पृष्ठभाग ताणला जातो. तिथून ती वर्षानुवर्षे बाहेरच्या दिशेने सरकत राहते आणि एके दिवशी पाणी बाहेर येते. उकरल्यावर नळीला बारीकशी फट दिसते आणि फटीच्या नेमका समोर दगड. युरोपात अशी चीर फार संथ वाढेल असा पॉलिइथिलीनचा खास प्रकारही वापरतात, पण आपल्या गावात येणारी नळी त्या जातीची आहे असे गृहीत धरू नये.

यावर उपाय वाळूचा. तळाला १० सेंटीमीटर, नळीच्या दोन्ही कुशींत आणि डोक्यावर आणखी १५ सेंटीमीटर. आपल्या ३०० मीटरसाठी हे गणित केले तर, नळीने व्यापलेली जागा वजा करून, सुमारे ४० घनमीटर वाळू लागते. म्हणजे चौदा ब्रासहून थोडी जास्त. आजच्या वाळूच्या भावात हा आकडा पाहिला की अंदाजपत्रकात असलेली वाळू चरात का दिसत नाही, हे वेगळे सांगायला नको. नदीची वाळूच हवी असा मात्र हट्ट नाही. क्रश सँड चालते, खडे काढून चाळलेला बारीक मुरूमही चालतो. धारदार खडी आणि चरातून निघालेली दगड-मातीची सरमिसळ नळीला लागून चालत नाही.

काळ्या मातीची गोष्ट निराळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि त्यासोबत पुरलेली प्रत्येक वस्तू हलवते. वाळलेली ढेकळे चरात लोटली तर त्यांच्यामध्ये पोकळ्या राहतात, आणि पहिल्या पावसात माती खचली की नळी तिथे अधांतरी राहते. नळी स्वतः लवचीक असल्याने हे हेलकावे सोसते; सोसत नाही तो तिच्या टोकाला घट्ट धरलेला लोखंडी व्हॉल्व्ह किंवा फ्लँज. म्हणून अशा जमिनीत भोवती वाळू किंवा चाळलेला मुरूम आणि वर १५ ते २० सेंटीमीटरचे थर देऊन धुमसाने दाबलेली माती, हा क्रम सोडू नये. व्हॉल्व्हला त्याचा स्वतःचा काँक्रीटचा आधार द्यावा, म्हणजे त्याचे वजन नळीवर लटकणार नाही.

चराबाहेरही एक धोका असतो. भेंडोळे उलगडून नळी खडीच्या रस्त्यावरून फरफटत नेली की तिला ओरखडे पडतात. भिंतीच्या दहाव्या हिश्शापेक्षा खोल ओरखडा असेल तर तो तुकडा कापून टाकावा असा नियम आहे. आपल्या नळीत ही मर्यादा जेमतेम ०.६५ मिलिमीटर येते. शिवाय ही काळी नळी उन्हात तापली की लांबते: दर मीटरमागे, दर अंशाला ०.१५ ते ०.२ मिलिमीटर. दुपारच्या उन्हात अंथरलेली ३०० मीटर नळी जमिनीखाली २५ अंशांनी निवली तर एक मीटरहून जास्त आखडू पाहते. जाणते फिटर ती चरात थोडी नागमोडी सोडतात, सकाळच्या गारव्यात बुजवतात आणि दोन्ही टोके सगळ्यात शेवटी जोडतात.

जोडाकडे वळू. पीव्हीसीसारखा डिंक इथे चालत नाही. पॉलिइथिलीनला कोणताही चिकट पदार्थ नीट धरत नाही. त्यामुळे ते वितळवूनच जोडावे लागते. मोठ्या नळ्यांसाठी बट फ्यूजन: दोन्ही टोके यंत्रात समोरासमोर पकडायची, रंधा मारून सपाट करायची, सुमारे २१० अंश तापलेल्या प्लेटवर टेकवायची आणि कडेला मिलिमीटरभर उंचीची वितळलेली वळी उमटली की दाब जवळजवळ काढून घ्यायचा. मग भिंतीच्या प्रत्येक मिलिमीटरला सुमारे १० सेकंद, म्हणजे इथे ६५ सेकंद, उष्णता मुरू द्यायची. प्लेट बाजूला काढून टोके पाच-सहा सेकंदांत एकमेकांना भिडवायची. त्यानंतर दाबाखाली, हात न लावता, सुमारे नऊ मिनिटे निवू द्यायची.

सगळी चोरी या नऊ मिनिटांत होते. नळी सहा मीटरच्या तुकड्यांत आली असेल तर ३०० मीटरला ४९ जोड लागतात. त्यांच्या नुसत्या निवण्याचाच वेळ सात तासांहून जास्त होतो. रंधा, तापवणे, यंत्र हलवणे वेगळेच. एका यंत्राने दुपारपर्यंत सगळे जोड झाले असे कोणी सांगितले तर ते खोटे आहे हे कागद-पेन्सिल घेऊन कोणालाही सिद्ध करता येते. नळी १०० मीटरच्या भेंडोळ्यांत मिळाली तर मधे दोनच जोड येतात.

बिघडलेला जोड बाहेरून चांगलाही दिसू शकतो. चांगल्या जोडाला भोवती दोन सारख्या गोल वळ्या असतात आणि त्यांच्यामधली खाच नळीच्या पृष्ठभागाच्या खाली जात नाही. एक वळी मोठी, एक बारीक असेल तर तापवणे किंवा पकड असमान होती. शंका आली तर बाहेरची वळी खास हत्याराने सोलून काढतात आणि मागे दुमडून पाहतात. दुमडताना तिच्या मधल्या रेषेवर फट उघडली की जोडात धूळ, घाम किंवा ओल अडकली होती असे समजावे. तो जोड कापायचाच. वाऱ्याच्या दिवशी नळीचे दूरचे तोंडही बंद ठेवावे लागते, नाहीतर आतून वाहणारी हवा टोक गार करते.

जिथे यंत्र मावत नाही तिथे इलेक्ट्रोफ्यूजन कपलर वापरतात. त्याच्या आत तार असते, ती वीज देऊन तापवली की कपलर आणि नळी एकजीव होतात. इथे चूक ठरलेली: उन्हा-हवेने नळीचा वरचा पातळ थर खराब झालेला असतो, तो खरवडून काढायचा कंटाळा. सँडपेपर फिरवून भागत नाही, खरवडणीने पूर्ण घेर सोलावा लागतो. घरजोडणीच्या बारीक नळीला स्क्रूने आवळायचे कॉम्प्रेशन फिटिंग पुरते. मात्र मुख्य नळीला भोक पाडायचे ते सॅडल बसवून, ड्रिलनेच. तापलेली सळई खुपसून पाडलेले भोक वेडेवाकडे होते आणि चीर तिथूनच निघते.

शेवटी दाबाची चाचणी, आणि इथे गावात हमखास भांडण होते. दाब चढवला की काटा आपोआप खाली येतो. गळती आहे, असा ओरडा सुरू होतो. पण ही नळी दाबाखाली किंचित फुगत असते, म्हणून पहिले काही तास काटा उतरणारच. अमेरिकेतल्या एएसटीएमच्या पद्धतीत चार तास पाणी भरत दाब टिकवतात, मग तो सुमारे ०.७ किलोने उतरवतात आणि एक तास पाहतात. त्या तासात दाब पाच टक्क्यांच्या आत स्थिर राहिला तर नळी उत्तीर्ण. चाचणी होईपर्यंत जोड उघडे ठेवावेत आणि मधल्या भागावर माती टाकावी, नाहीतर दाबाने नळी चरातून उसळते.

बुजवल्यावर प्लास्टिकची नळी धातुशोधकाला सापडत नाही. म्हणून तिच्या वर ३० सेंटीमीटरवर, तार असलेली इशारापट्टी टाकतात. तुमच्या गल्लीत चर उघडा असेल तर एकदा टेप घेऊन जा. खोली मोजा, नळीखाली वाळू आहे का ते हाताने पाहा आणि मोबाइलवर फोटो काढून ग्रामपंचायतीकडे द्या. माती पडल्यानंतर हे तपासायचे तर पुन्हा खणावे लागेल.