आवाजाने टाइप करताना इंग्रजी शब्द देवनागरीत कसे लिहावेत?

'उद्या हॉलमध्ये मीटिंग आहे, बँकेचं पासबुक आणा.' सोसायटीच्या ग्रुपवर असा मेसेज फोनला तोंडी सांगितला जातो. पाच सेकंदांत वाक्य तयार! पण पाठवण्याआधी त्यातले इंग्रजी शब्द पुन्हा वाचायलाच हवेत.

आधी भाषा तपासा

व्हॉइस टायपिंग निवडलेल्या भाषेनुसार शब्द लिहितं. मराठीऐवजी हिंदी निवडलेली असेल, तर 'बँक'चं 'बैंक' आणि 'मॅच'चं 'मैच' होतं. मराठीत या उच्चारांसाठी ॲ आणि ऑ हे स्वतंत्र स्वर आहेत. राज्य शासनाने 2009 साली ठरवलेल्या वर्णमालेतही ते आहेत.

अर्धचंद्र सुटला तर?

'हॉल'वरचा अर्धचंद्र गेला की उरतो 'हाल'. 'बॉल'चा 'बाल' होतो आणि 'बॅट'चं 'बट'. हे मराठीतले खरे शब्द असल्यामुळे चूक म्हणून त्यांच्याखाली लाल रेघही येत नाही. ती डोळ्यांनीच शोधावी लागते.

ऱ्हस्व-दीर्घासाठी इंग्रजी स्पेलिंग नव्हे, उच्चार पाहावा. 'मी' लांब आणि 'टिं' आखूड, म्हणून 'मीटिंग'. मात्र शब्दाच्या शेवटी मराठीत वेलांटी दीर्घ असते: कंपनी, पार्टी.

दिसायला सारखं, पण वेगळं

'बँक' हा शब्द फोनमध्ये दोन प्रकारे साठवला जातो. एकात 'ब'वर चंद्रबिंदू हे एकच चिन्ह असतं. दुसऱ्यात अर्धचंद्र आणि अनुस्वार अशी दोन चिन्हं असतात. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, पण यंत्रासाठी ते वेगळे. त्यामुळे जुना मेसेज शोधताना तो समोर असूनही सापडत नाही, असं होऊ शकतं.

ओळखायचं कसं? कर्सर 'बँ'च्या पुढे ठेवून बॅकस्पेस एकदा दाबावं. बहुतेक कीबोर्डवर फक्त टिंब गेलं तर चिन्हं दोन होती आणि पूर्ण खूण गेली तर एक. 

रोमन कधी ठेवावं?

ज्या शब्दाला मराठी प्रत्यय लागतो, तो देवनागरीत लिहावा: बँकेत, मीटिंगला, ऑफिसमधून. 'Bank च्या' असं लिहिलं की प्रत्यय शब्दापासून तुटतो.

जे जसंच्या तसं टाइप करावं लागतं, ते मात्र रोमनमध्येच हवं. ईमेल पत्ता, वेबसाइटची लिंक, पासवर्ड यांत एक अक्षर बदललं तरी काम अडतं. बँकेच्या IFSC कोडमध्ये 11 अक्षरं-आकडे असतात आणि पाचव्या जागी नेहमी शून्य असतं. बोलताना त्याला 'ओ' म्हटलं की O हे अक्षर उमटतं आणि कोड चुकतो. असा मजकूर बोलण्यापेक्षा कॉपी करून पेस्ट करावा.