तीन दिवसांची जिम

नव्याने जिम लावली की पहिल्याच आठवड्यात ट्रेनर हातात एक तक्ता देतो. सोमवारी चेस्ट-ट्रायसेप, मंगळवारी बॅक-बायसेप, बुधवारी शोल्डर, गुरुवारी लेग्ज. हा तक्ता आठवड्याचे पाच-सहा दिवस येणाऱ्यांसाठी असतो. ज्याला तीनच दिवस जमतात त्याने तो उचलला, तर छातीची पाळी फार तर आठवड्यातून एकदा येते आणि पायांची बहुतेक वेळा हुकतेच.

नवशिक्याला हे परवडत नाही, त्याची कारणं दोन. व्यायामानंतर स्नायूंच्या बांधणीचं काम एक-दोन दिवस वेगाने चालतं, मग मंदावतं. दुसरं असं की पहिल्या काही आठवड्यांत ताकद वाढते ती मुख्यतः मेंदू आणि मज्जासंस्था ती हालचाल शिकतात म्हणून. स्क्वॉट आठवड्यातून एकदाच केला तर तो अंगवळणी पडायला जास्त वेळ लागतो. म्हणून तीन दिवस असतील तर प्रत्येक दिवशी सगळ्या शरीराला काम द्यावं.

त्यासाठी दोन पाठ पुरतात. पहिल्या पाठात डंबेल छातीशी धरून स्क्वॉट, बाकावर झोपून डंबेल प्रेस आणि केबलवर बसून रोइंग. दुसऱ्यात कंबरेतून वाकायचं रोमानियन डेडलिफ्ट, डंबेल शोल्डर प्रेस आणि लॅट पुलडाउन. म्हणजे दोन्ही दिवशी पाय, ढकलणं आणि ओढणं असं तिन्ही होतं. शेवटी थोडं प्लँक. प्रत्येक व्यायामाचे तीन सेट, सेटमध्ये 8 ते 12 रेप्स, दोन सेटमध्ये दीड-दोन मिनिटं विश्रांती. वॉर्मअप धरून तासाभरात सगळं आटोपतं.

सोमवारी पहिला पाठ, बुधवारी दुसरा, शुक्रवारी पुन्हा पहिला. पुढच्या सोमवारी दुसरा. पाठ वाराला बांधलेला नसल्यामुळे बुधवार चुकला तर गुरुवारी किंवा शुक्रवारी राहिलेला पाठ करायचा. भरपाई म्हणून दोन्ही पाठ एका दिवशी उरकायचे नाहीत.

वजन किती घ्यायचं? सेट संपताना आणखी दोन रेप्स नीट जमल्या असत्या असं वाटलं, तर वजन बरोबर आहे. स्क्वॉटमध्ये टाचा उचलल्या जात असतील किंवा डेडलिफ्टमध्ये पाठीला बाक येत असेल, तर ते जास्त आहे. पहिल्या आठवड्यात मात्र एक-दोनच सेट करावेत, कारण अंगदुखी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त जाणवते.

आता खरी मेख वजन वाढवण्यात आहे. पस्तिशीतला, दिवसभर खुर्चीत बसून काम करणारा एक माणूस घेऊ. डंबेल प्रेसला तो प्रत्येक हातात साडेसात किलो घेतो आणि वहीत लिहितो: 10, 9, 8. पुढच्या पाळीला 11, 10, 9. तिन्ही सेटमध्ये 12 झाल्या की वजन वाढवायचं, हा नेहमीचा नियम. पण बऱ्याच जिममध्ये साडेसातनंतरचं डंबेल थेट दहाचं असतं. ही एक तृतीयांश वाढ झाली! तो दहाचं घेतो आणि पाच-सहा रेप्समध्ये अडकतो. स्क्वॉटला ही अडचण कमी येते, कारण पायांची ताकद मोठी असते. हातांच्या व्यायामात मात्र त्याने साडेसातवरच 15 रेप्सपर्यंत जावं. मग फक्त पहिला सेट दहाचा आणि उरलेले दोन साडेसातचे करावेत. पहिल्या सेटमध्ये 8 नीट जमल्या की दुसराही दहाचा करावा.

तीन पाळ्या वहीतले आकडे हलले नाहीत, तर आधी झोप आणि जेवणातली प्रथिनं पाहावीत. तिथे गडबड नसेल तर वजन एक पायरी उतरवून पुन्हा चढावं. दर पंधरवड्याला व्यायाम बदलले तर वाढ झाली की नाही हे कळायला वहीत काही उरतच नाही.

स्नायू ठणकणं चालतं, सांध्यात टोचणं चालत नाही. तसं झालं तर तो व्यायाम थांबवावा. अंग प्रचंड सुजून दुखत असेल आणि लघवी चहासारखी गडद होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारावं आणि वजन उचलताना श्वास कोंडू नये.

ही आखणी काही महिने सहज पुरते. झोप, आहार नीट असून आणि वजन उतरवून पुन्हा चढूनही बहुतेक व्यायाम अडलेलेच राहिले, तर एकेक सेट वाढवावा. भिंतीवरचा पाच दिवसांचा तक्ता मात्र पाच दिवस खरोखर मिळू लागले तरच घ्यावा.