खांदेरीची रसद

आम्हा माढेकरांना वेढा म्हटला की भुईकोट आठवतो. रावरंभा निंबाळकरांचा गावातला किल्ला पाहिला, की हिशेब सरळ वाटतो : चारी बाजूंनी फौज बसली, बाहेरून दाणा यायचा थांबला, की किल्ला आज ना उद्या पडणार. 1679 साली मुंबईच्या इंग्रजांनी हाच हिशेब समुद्रात मांडला आणि तिथे तो चुकला.

त्या वर्षी पावसाळा सरत असताना शिवाजीमहाराजांची माणसं मायनाक भंडारी याच्या हाताखाली खांदेरी बेटावर तटबंदी रचू लागली. बेट थळच्या किनाऱ्यासमोर, मुंबईच्या तोंडाशी. इंग्रजांनी जहाजं पाठवून बेटाला वेढा घातला. त्यांचं ‘रिव्हेंज’ तोफांनी भारी होतं, पण त्याला खोल पाणी लागे आणि वारा पडला की ते जागीच खिळे. मराठ्यांची गलबतं उथळ बुडाची, शीड आणि वल्ही दोन्हींवर चालणारी. एकास एक झुंज झाली असती तर ‘रिव्हेंज’समोर गलबताचा निभाव लागला नसता.

18 ऑक्टोबरच्या पहाटे दौलतखानाचं मराठी आरमार किनाऱ्याकडून इतक्या वेगाने आलं, की नांगरून पडलेल्या इंग्रजांना सज्ज व्हायलाही नीट वेळ मिळाला नाही. ‘डव्ह’ या गुराबेने निशाण उतरवलं, बाकीची पांगली. एकटं ‘रिव्हेंज’ टिकलं आणि त्याच्या तोफांनी गलबतांना मागे हटवलं. ती नागोठण्याच्या खाडीत शिरली. तिथवर मोठ्या जहाजाला पाठलाग करता येईना. थोड्याच दिवसांत ती पुन्हा बाहेर आली.

म्हणजे लढाई दौलतखानाने जिंकली असं म्हणवत नाही. माझ्या मते खांदेरीचा निकाल त्या लढाईने लागलाही नाही. तो रात्रीच्या खेपांनी लागला. ऑक्टोबरनंतर कोकणात रात्री मतलई वारा सुटतो, जमिनीकडून समुद्राकडे. थळकडून निघालेल्या होडीला तो पाठीशी, वेढा घालणाऱ्याला मात्र समोरून. अंधारात लहान होड्या धान्य, दारूगोळा, माणसं पोचवत आणि उजाडायच्या आत परतत. इंग्रजांची जहाजं तिथे असूनही बेटावरची भिंत चढत राहिली. खर्चाला कंटाळून कंपनीने जानेवारी 1680 मध्ये तडजोड केली.

या डावाला मर्यादाही होती. त्याच सुमारास सिद्दी कासमने शेजारचं उंदेरी बेट बळकावलं आणि तिथून खांदेरीवर तोफा डागू लागला. बसलेल्या तोफखान्याला हुसकावणं गलबतांच्या आवाक्यातलं नव्हतं.

आणि किनाराच आपला राहिला नाही तर? फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाला समुद्राकडून वॉटसनचं इंग्रजी आरमार भिडलं. जमिनीच्या बाजूला पेशव्यांची फौज होती, तीही इंग्रजांशी हातमिळवणी करून. तुळाजी आंग्र्यांच्या गुराबा किल्ल्याच्या आश्रयाला एकमेकींना बांधून उभ्या होत्या. एका जहाजाला आग लागली आणि जवळजवळ सगळं आरमार जळालं.

आंग्र्यांची जहाजं शत्रूच्या वेगापुढे हरली नाहीत. त्यांच्यामागचा किनारा मराठ्यांनीच बंद केला होता.