‘हॉइटे’च्या पुढचं ऐका

फ्रँकफर्ट विमानतळाला लागूनच दोन रेल्वे स्थानकं आहेत. एक ते तीन नंबरवर प्रादेशिक गाड्या येतात, चार ते सातवर लांब पल्ल्याच्या. जर्मनीत शिकायला किंवा कामाला आलेल्या पुष्कळ मराठी मुलामुलींची पहिली गाडी याच चार ते सातपैकी कुठल्यातरी नंबरवरून सुटते. महाराष्ट्र आणि बाडेन-व्युर्टेंबर्ग या दोन राज्यांत कुशल मनुष्यबळासाठी २०२४ साली करार झाला, त्यामुळे कार्ल्सरूअ आणि श्टुटगार्ट ही नावं आता मराठवाड्यातल्या घरांतही ऐकू येतात. पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात किंवा गावातल्या क्लासमध्ये जर्मन शिकून आलेला माणूस फलाटावर उभा राहतो, वर कर्णा बोलू लागतो आणि त्याला त्यातली फक्त गावांची नावं कळतात. यात त्याच्या अभ्यासाचा दोष नाही. वर्गात संभाषण शिकवतात, आणि घोषणा हे संभाषण नव्हेच. तिचा साचा ठरलेला असतो, आणि तो एकदा ओळखीचा झाला की निम्मं काम होतं.

मोठ्या स्थानकांवरचा तो शांत पुरुषी आवाज हाइको ग्राउएल या निवेदकाचा आहे. ते कुठे बसून माइकवर बोलत नसतात. त्यांच्या ध्वनिमुद्रणावरून तयार केलेल्या आवाजात संगणक गरजेप्रमाणे वाक्यं जुळवतो, म्हणून वाक्याची मांडणी जवळपास दर वेळी तीच राहते. समजा, आपल्याला कार्ल्सरूअला जायचं आहे आणि गाडी दुपारी २ वाजून ५४ मिनिटांची आहे. कर्ण्यातून साधारण असं ऐकू येईल : ‘इन्फॉर्मात्सिओन त्सू ई-त्से-ए’, मग गाडीचा नंबर, ‘नाख बाझल, यूबर मानहाइम हाउप्टबानहोफ, कार्ल्सरूअ हाउप्टबानहोफ, आपफार्ट फीअरत्सेन ऊअर फीअरउंडफ्युन्फत्सिख, हॉइटे त्सिर्का फ्युन्फउंडत्स्वान्त्सिख मिनूटन श्पेटर.’

आपण ज्या गाडीला आयसीई म्हणतो तिला जर्मन तोंडात ‘ई-त्से-ए’ म्हणतात, इथेच पहिली ठेच लागते. पुढचं मात्र सरळ आहे. ‘नाख’नंतर शेवटचं स्थानक, ‘यूबर’नंतर वाटेतली, ‘आपफार्ट’नंतर सुटण्याची वेळ. गंमत अशी की इथपर्यंत काहीही नवीन सांगितलेलं नाही. हे सगळं वेळापत्रकात छापलेलंच आहे आणि तुमच्या तिकिटावरही आहे. बातमी येते ती ‘हॉइटे’नंतर. ‘हॉइटे’ म्हणजे आज. छापलेलं एक आणि आजचं दुसरं, अशी फारकत जिथे होते तिथे हा शब्द उभा असतो. ‘हॉइटे त्सिर्का २५ मिनूटन श्पेटर’, म्हणजे आज सुमारे २५ मिनिटं उशिरा. ‘हॉइटे फॉन ग्लाइस ६’, म्हणजे आज सहावरून. ‘फेल्ट हॉइटे आउस’, म्हणजे आज गाडी रद्द. त्यामुळे नवख्याने सगळं वाक्य पकडायच्या भानगडीत पडू नये. आपल्या गावाचं नाव ऐकलं की कान टवकारावेत आणि ‘हॉइटे’च्या पुढचं नीट ऐकावं.

मराठी माणसाला इथे दोन गोष्टी आयत्या मिळतात. वाक्याचा निकाल शेवटच्या शब्दात लागतो याची आपल्याला सवय आहे. ‘फेल्ट’ ऐकून घाबरायचं की नाही हे ‘आउस’ आल्यावरच कळतं, आणि आपणही ‘येणार’ की ‘येणार नाही’ यासाठी वाक्य संपेपर्यंत थांबतोच. दुसरी गोष्ट आकड्यांची. जर्मनमध्ये आधी एकक आणि मग दशक. इंग्रजीतून विचार करणारा ‘फीअरउंडफ्युन्फत्सिख’ ऐकून ४५ लिहून बसतो. ‘चोपन्न’ म्हणणाऱ्याला चार आधी आणि पन्नास नंतर यात वावगं काहीच वाटत नाही. माझं सांगणं असं की जर्मन आकडे इंग्रजीच्या नव्हे, मराठी पाढ्यांच्या आधाराने पाठ करावेत. एक अपवाद ध्यानात ठेवायचा : माणूस स्वतः माइकवर बोलत असेल तर दोनला ‘त्स्वाइ’ न म्हणता ‘त्स्वो’ म्हणतो, कारण गोंगाटात ‘त्स्वाइ’ आणि ‘द्राइ’ सारखेच ऐकू येतात.

‘श्पेटर’नंतर एक कारण जोडलेलं असतं : ‘ग्रुंट दाफ्यूर इस्ट…’, याचं कारण असं की. बहुतेक प्रवासी इथे कान बंद करतात. मला मात्र हा भाग फार उपयोगाचा वाटतो, कारण उशीर आहे तेवढाच राहील की वाढेल याचा अंदाज कारणावरून बांधता येतो. ‘फरश्पेटुंग आउस फोरहेरिगर फार्ट’ म्हणजे हाच डबेसंच आधीच्या फेरीतून उशिरा येतोय. गाडी रुळावर धावते आहे, ती कुठवर आली हे माहीत आहे, त्यामुळे २५ मिनिटं सांगितली तर बहुधा तेवढीच लागतात. ‘फरश्पेटेटे बेराइटश्टेलुंग’ म्हणजे गाडी अजून उभी करण्याच्या जागेवरून स्थानकात आणलेलीच नाही. इथे सांगितलेल्या मिनिटांवर मी फारसा भरवसा ठेवणार नाही. ‘रेपाराटूर आन आइनर वाइखे’, सांध्याची दुरुस्ती, हिचंही तसंच. दुरुस्ती झाली तर झाली. ‘पेर्झोनन इम ग्लाइस’ म्हणजे रुळांवर माणसं आहेत, आणि ती बाजूला झाल्याची खात्री होईपर्यंत वाहतूक थांबते. ‘नोटआर्त्स्टआइनझात्स आम ग्लाइस’ म्हणजे रुळाशी तातडीचा डॉक्टर बोलावला आहे. अनेकदा यामागे कुणाचा तरी जीव गेलेला असतो आणि रेल्वे ते मुद्दाम उघड बोलत नाही. तो मार्ग बराच वेळ बंद राहील असं धरून दुसरी वाट शोधायला लागावं.

या उशिरांकडे रेल्वे स्वतः कसं पाहते तेही समजून घ्यायला हवं. तिच्या हिशेबात सहा मिनिटांच्या आत आलेली गाडी वेळेवर आली असं धरतात, आणि रद्द झालेली गाडी त्या हिशेबात येतच नाही. एवढं करूनही २०२४ साली लांब पल्ल्याच्या गाड्यांची वक्तशीरता ६२.५ टक्के होती. तेव्हा घड्याळ लावून चालणारी जर्मन गाडी ही आपल्याकडची समजूत विमानतळावरच सोडून द्यावी.

आता फलाट. कर्णा ‘ग्लाइस’चा नंबर सांगतो, आणि ग्लाइस म्हणजे रूळ. एकाच फलाटाच्या दोन बाजूंना दोन नंबर असतात. त्यामुळे सहावरून सातवर बदल झाला तर नुसतं वळून उभं राहायचं. पाचावरून सहावर गेली तर मात्र सरकत्या जिन्याने वर जाऊन पुन्हा खाली. दोन मोठ्या बॅगा असलेल्याला हा फरक चांगलाच जाणवतो. बदल कधीकधी गाडी यायला चारपाच मिनिटं असताना जाहीर होतो आणि अख्खा फलाट एकदम चालू लागतो. अशा वेळी गर्दीच्या मागे धावण्याआधी निळ्या फलकावर आपल्या गाडीचा नंबर बघावा, कारण ती गर्दी दुसऱ्याच गाडीची असू शकते.

याहून अवघड बदल एकाच फलाटावर होतो. तुमच्या आरक्षणावर ‘वागन २७, प्लात्स ६४’ असं लिहिलं आहे. लांब फलाटाचे ए, बी, सी असे भाग पाडलेले असतात, त्या भागाला ‘आपश्निट’ म्हणतात, आणि कुठला डबा कुठल्या भागात थांबेल हे फलकावर दाखवतात. तुम्ही निमूटपणे बी भागात उभे आहात. तेवढ्यात कर्णा म्हणतो, ‘हॉइटे इन उमगेकेर्टर वागनराइउंग’, आज डब्यांचा क्रम उलटा. पुढचा डबा मागे गेला आणि तुमचा २७ नंबर फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला.

हे उलटणं होतं कसं? फ्रँकफर्टचं मुख्य स्थानक टोकाचं आहे. तिथे रूळ संपतात, म्हणून आलेली गाडी तोंड फिरवून निघते. रोज एकदा तोंड फिरवणारी गाडी आज वळसा घालून ते स्थानक टाळून गेली की पुढे सगळीकडे तिची दिशा उलटी होते. म्हणून ‘हाल्ट एन्टफेल्ट’, म्हणजे अमुक थांबा रद्द, असं आधी ऐकलं असेल तर उलट्या डब्यांची घोषणाही येणार असं गृहीत धरावं. एकाच वळशातून दोन्ही निघतात.

यात फलाटाची लांबी महत्त्वाची. दोन संच जोडलेली आयसीई सुमारे ४०० मीटरची असते आणि दोन संचांमध्ये आतून जायला वाट नसते. साधारणपणे एका संचाचे डबे विशीच्या आकड्यांत आणि दुसऱ्याचे तिशीच्या. चुकीच्या संचात चढलं तर पुढच्या थांब्यावर उतरून, फलाटावरून पळत जाऊन पुन्हा चढावं लागतं. काही गाड्यांचे दोन भाग वाटेत वेगळे होऊन वेगळ्या गावांना जातात. बर्लिनहून येणाऱ्या गाड्या हाममध्ये अशा विभागल्या जातात. तिथे ‘फोर्डरर त्सूगटाइल’, पुढचा भाग, आणि ‘हिंटरर त्सूगटाइल’, मागचा भाग, हे शब्द नीट ऐकलेच पाहिजेत, नाहीतर जागा आपली नसतेच, गावही आपलं नसतं.

जागेच्या बाबतीत भारतातून आलेल्याचा एक समज पहिल्यांदा मोडतो. इथे दुसऱ्या वर्गाचं तिकीट आणि जागा या वेगळ्या गोष्टी आहेत. आरक्षण नसलं तरी तिकीट पक्कंच असतं. वेटिंग नाही, आरएसी नाही, रिकामी दिसेल तिथे बसायचं. आरक्षित जागेजवळच्या छोट्या पट्टीवर दोन गावं दिसतात, समजा Mannheim – Basel. म्हणजे मानहाइमपर्यंत ती जागा मोकळी आहे आणि तुम्ही बसू शकता. ggf. freigeben असं दिसलं तर बसा, पण ऐनवेळी कुणी आरक्षण घेऊन आलं तर उठा. तुमचं स्वतःचं आरक्षण असेल तर चढल्यावर आधी कॉफी शोधत फिरू नका : गाडी सुटल्यापासून १५ मिनिटांत जागेवर बसला नाहीत तर तिच्यावरचा हक्क जातो.

ऐनवेळी गाडीच बदलली जाते तेव्हा ‘एर्झात्सत्सूग’, पर्यायी गाडी, हा शब्द येतो. तिच्यात २७ नंबरचा डबा असेलच असं नाही. आरक्षणाची पट्टी फक्त बंद पडली असेल तर आरक्षण चालतं. डबाच नसेल तर मिळेल तिथे बसून नंतर आरक्षणाचे पैसे परत मागायचे.

स्वस्त तिकीट ठरावीक गाडीपुरतं बांधलेलं असतं, त्याला ‘त्सूगबिंडुंग’ म्हणतात. मुक्कामाला निदान २० मिनिटं उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं आणि दुसरी गाडी घेता येते. आपल्या २५ मिनिटांच्या उदाहरणात नेमकं हेच होतं. मुक्कामी ६० मिनिटं उशीर झाला तर भाड्याचा चौथा हिस्सा आणि १२० मिनिटं झाला तर निम्मं भाडं परत मागता येतं, क्वचित काही असाधारण कारणं सोडून. मानहाइम जवळ आलं की डब्यातला कर्मचारी पुढच्या गाड्यांचा ‘आनश्लुस’, म्हणजे जोडगाडी, वाचून दाखवतो. ‘व्हिर्ड एर्राइख्ट’ म्हणजे मिळेल, ‘वार्टेट’ म्हणजे तुमच्यासाठी थांबली आहे, आणि मध्ये ‘निख्ट’ आला तर चुकली. थांबलेली गाडी दोनचार मिनिटांपेक्षा जास्त थांबत नाही, म्हणून ग्लाइसचा नंबर ऐकून दाराशी आधीच उभं राहावं.