चार टक्क्यांची तूट

गेल्या रविवारी लोधिवलीला भाच्याकडे गेलो होतो. जेवणं झाली आणि त्याची मुलगी गुणपत्रिकांची चळत घेऊन ओटीवर आली. बी.कॉम.ची पाच सत्रं झालेली, सहावं उरलेलं. पुढच्या प्रवेशाला साठ टक्क्यांची अट होती.

"आजोबा, सरासरी ५६ आहे. चारच टक्के कमी आहेत. शेवटच्या सत्रात ६४ मिळवले की झालं ना?"

हा हिशेब मी बँकेत फार वेळा ऐकला आहे. तीस दिवसांच्या महिन्यात सरासरी शिल्लक दहा हजार हवी, वीस दिवस नऊच हजार राहिले, तर ग्राहक म्हणायचा, "साहेब, आता अकरा हजार ठेवतो." पण वीस दिवसांची तूट दहा दिवसांत भरायची, म्हणजे ती दुप्पट होते. बारा हजार ठेवावे लागतात.

परीक्षेचंही तसंच. लक्ष्य आणि सध्याची सरासरी यांतली तूट घ्यावी, झालेला भाग उरलेल्याच्या किती पट आहे ते पाहून तितक्या पटीनं ती वाढवावी आणि लक्ष्यात मिळवावी. पाच सत्रं झाली, एक उरलं, म्हणजे पाचपट. चार पंचे वीस. साठ अधिक वीस, ऐंशी. ताळा हवा तर पाच वेळा ५६ म्हणजे २८०, त्यात ८० घातले की ३६०, भागिले सहा, बरोबर साठ.

तिचं आजवरचं सर्वांत चांगलं सत्र ६३ टक्क्यांचं होतं. पोरगी गप्प झाली. तिसऱ्या सत्रानंतर सरासरी हीच होती, ५६. तेव्हा तीन झाली होती, तीन उरली होती, पट एकच. प्रत्येक सत्रात ६४ पुरले असते. चौथ्यानंतर तेच ६८ झाले. तूट तसूभरही वाढली नव्हती, ती भरायची जागा तेवढी आटत गेली. (कर्जदाराचंही असंच होतं, पण तो विषय वेगळा.)

उलट बाजूनंही हेच लागू. दहावीला भाषेच्या पेपरात २० गुण शाळेकडे आणि ८० लेखी परीक्षेला असतात. शाळेकडचे १८ मिळाले म्हणजे नव्वद टक्के. लक्ष्य ८० असेल तर दहाची शिलकी दिसते, पण पट पावच, म्हणून सूट अडीच टक्क्यांचीच. लेखीत साडेसत्याहत्तर टक्के, म्हणजे ८० पैकी ६२ हवेतच.

एक सावधगिरी मात्र घ्यावी. ही पट गुणांच्या वजनाची असते, सत्रांच्या संख्येची नव्हे. सगळ्या सत्रांचे एकूण गुण सारखे नसतील तर "पाचपट" चुकते. आम्ही म्हणून गुणपत्रिका पुन्हा उलगडल्या. एकूण गुण सारखेच निघाले, उत्तर ऐंशीच राहिलं.

तिनं वहीच्या कोपऱ्यात ८० लिहिलं, थोडा वेळ पाहिलं. मग विचारलं, "आजोबा, पंचावन्नची अट असलेली कॉलेजं कुठली असतील?"

पंचावन्नला तिला शेवटच्या सत्रात पन्नासच पुरत होते. ते तिनं माझ्या आधी तोंडी काढलं.