नकाशात न दिसणारी वायर

वायरिंगचा नकाशा म्हणजे घराकडे वरून पाहिलेले चित्र. त्यात भिंती, दारे, पंखा, ट्यूब, स्विचबोर्ड सगळे दिसते, पण उंची दिसत नाही. नकाशावर पट्टी ठेवून काढलेला पाइपचा हिशेब कमी पडतो तो बहुतेक वेळा यामुळेच. वायरचा हिशेब त्याहून जास्त चुकतो, कारण एका पाइपातून किती वायरी जातात हे नकाशावरची रेघ सांगत नाही.

एक साधी खोली घेऊ. लांबी 4 मीटर, रुंदी 3 मीटर, उंची 3 मीटर. नकाशा 1:50 प्रमाणाचा, म्हणजे कागदावरचे 2 सेंमी प्रत्यक्षात 1 मीटर. आधी खोलीची लांबी कागदावर मोजावी. ती 8 सेंमी भरली तर ठीक. 7.6 भरली तर प्रिंट किंवा झेरॉक्स काढताना नकाशा आकसला आहे आणि मग प्रत्येक मापाला 8 भागिले 7.6 ने गुणावे लागेल.

खोलीत मधोमध पंखा आहे. 3 मीटरच्या एका भिंतीवर दाराशेजारी, भिंतीच्या मध्यावर स्विचबोर्ड आहे आणि त्याच्या अगदी समोरच्या भिंतीवर ट्यूब. बोर्डावर पंखा आणि ट्यूबची बटणे, शिवाय एक सॉकेट. पाइप स्लॅबमधून जाणार असल्यामुळे सरळ रेषा धरता येते: बोर्डाच्या वरच्या जंक्शन बॉक्सपासून पंखा 2 मीटर, तिथून समोरची भिंत आणखी 2 मीटर. हीच पट्टी भिंतीवरून फिरवायची असती, तर नुसत्या ट्यूबपर्यंतच 4 ऐवजी 7 मीटर लागले असते. म्हणून मोजण्याआधी पाइप स्लॅबमधून की भिंतीवरून, हे ठरलेले हवे. हॉलमधल्या डीबीपासून जंक्शन बॉक्सपर्यंतचे आडवे अंतर 5 मीटर धरू.

नकाशावर एवढेच: 9 मीटर. आता उभी अंतरे. डीबीचे वरचे टोक जमिनीपासून 1.8 मीटरवर असेल तर छतापर्यंत 1.2 मीटर. स्विचबोर्ड 1.3 मीटरवर असल्याने वरून खाली 1.7 मीटर. ट्यूब 2.3 मीटरवर, म्हणजे 0.7 मीटर. एकूण 3.6 मीटर पाइप नकाशाबाहेरचा. बेरीज 12.6 मीटर. पाइप साधारणपणे 3 मीटरच्या लांबीत मिळतो, म्हणून पाच नग आणावेत.

वायरसाठी मात्र पाइपची एकूण लांबी घेऊन तिला दोनने किंवा तीनने गुणण्यात अर्थ नाही. तुकड्यातुकड्याने जावे लागते. डीबी ते जंक्शन बॉक्स या 6.2 मीटरमध्ये फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग अशा तीन वायरी, म्हणजे 18.6 मीटर. पुढचा 1.7 मीटरचा उभा तुकडा सर्वांत छोटा, पण गर्दी त्यातच. तिन्ही वायरी बोर्डात उतरतात आणि तिथून पंख्याची हाफ वायर, ट्यूबची हाफ वायर, न्यूट्रल आणि अर्थिंग परत वर चढतात. सात वायरी, 11.9 मीटर. हाफ वायर म्हणजे बटणापासून दिव्याकडे किंवा पंख्याकडे जाणारी. या तुकड्याला 20 मिमीऐवजी 25 मिमीचा पाइप टाकला तर वायर ओढताना कारागिराचे हाल वाचतात. जंक्शन बॉक्स ते पंखा चार वायरी, 8 मीटर. पंखा ते ट्यूब 2.7 मीटर, त्यात तीन वायरी, 8.1 मीटर.

बेरीज 46.6 मीटर. डीबीत, बोर्डात आणि पॉइंटवर जोडणीसाठी टोके सोडावी लागतात. बोर्डात प्रत्येक वायरीला फूटभर, पॉइंटवर वीतभर आणि डीबीत थोडी जास्त धरली की या खोलीत पाचेक मीटर जातात. त्यावर दहा टक्के वाया जाणारी धरली की 56-57 मीटरची गरज ठरते. नकाशावरचे 9 मीटर तीनने गुणणारा 27 मीटर मागवेल, म्हणजे निम्म्याहूनही कमी.

वायर कमी पडली की खरा धोका सुरू होतो. घाईत दोन तुकडे जोडून टेप गुंडाळली जाते आणि तो सांधा पाइपातच राहतो. सांधा सैल झाला तर तापतो आणि भिंतीआड असल्याने दिसत नाही. सांधा फक्त बॉक्समध्येच हवा. काम चालू असताना, टोके जोडण्याआधी, एक वायर थोडी पुढेमागे ओढून पाहावी. ती बेंडपाशी अडत असेल तर आत सांधा असल्याची शंका घ्यावी.

रंगांचा हिशेब वेगळा. आपल्या 46.6 मीटरमध्ये फेज आणि दोन्ही हाफ वायरी मिळून लाल 18 मीटर, काळी 14.3, हिरवी 14.3. बंडल 90 मीटरचे येते. एका खोलीसाठी तीन रंगांची तीन बंडले घेतली तर बरीच वायर पडून राहते, म्हणून सर्व खोल्यांची रंगवार बेरीज करून मगच दुकानात जावे. एसी किंवा गिझरची जाड वायर मात्र या बेरजेत मिसळू नये. त्यांचे सर्किट डीबीपासूनच स्वतंत्र असते आणि मापही वेगळे.